‘इन्शाअल्लाह’ म्हणजे हो की नाही?

काही वर्षांपूर्वी शारजाच्या औद्योगिक भागातील लाकडी दारे बनवणाऱ्या एका कारखान्याशी कामानिमित्त माझा संबंध आला. इमारतीच्या आतील कामाला लागणारे साहित्य जागेवर वेळेत पोहोचते की नाही हे पाहणे ही माझी जबाबदारी होती आणि त्या कारखान्याकडून आम्हाला चौदा दारे हवी होती. कारखान्याचे मालक मूळचे सीरियाचे, वयस्कर कारागीर. सगळे त्यांना ‘मुअल्लिम’, म्हणजे उस्ताद, म्हणत. आमचे बोलणे मोडकी अरबी आणि मोडकी हिंदी यांच्या मिश्रणात चाले. मी फोनवर विचारले, “मुअल्लिम, गुरुवारी दारे मिळतील ना?” पलीकडून क्षणभर शांतता आणि मग लांबवलेला एकच शब्द आला, “इन्शाअल्लाह.” मी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला, गुरुवारी पिकअप भाड्याने घेऊन गेलो आणि पाहिले तर दारांना अजून रंगाचा पहिला हातही लागला नव्हता.

परतताना मी रागाने म्हणालो की हा माणूस देवाचे नाव घेऊन खोटे बोलला. आमच्याबरोबर काम करणारे चिपळूणकडचे एक वडीलधारे गृहस्थ होते, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू. त्यांची आखातातली वीस-बावीस वर्षे झाली होती. त्यांनी मला एवढेच विचारले, “तो नुसता इन्शाअल्लाह म्हणाला ना? पुढे काहीच बोलला नाही? मग तुला तेव्हाच कळायला हवं होतं.” या एका शब्दात नेमके काय आणि कसे कळायला हवे होते, हे समजून घेण्यात माझा पुढे बराच काळ गेला. तेच इथे मांडतो आहे.

आपण ‘इन्शाअल्लाह’ हा एक शब्द समजतो, पण मुळात ते तीन शब्दांचे पूर्ण वाक्यांग आहे: ‘इन्’, ‘शाअ’ आणि ‘अल्लाह’. ‘इन्’ म्हणजे जर. ‘शाअ’ हे इच्छिणे या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकाळी रूप, म्हणजे ‘त्याने इच्छिले’. ‘अल्लाह’ हा त्या क्रियापदाचा कर्ता. शब्दशः अर्थ होतो, ‘जर अल्लाहने इच्छिले’. उद्याच्या गोष्टीसाठी भूतकाळ कशाला, असा प्रश्न इंग्रजीतून अरबी शिकणाऱ्याला पडतो, मराठी माणसाला तो पडू नये. ‘पाऊस आला तर पेरणी करू’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘आला’ हे रूप भूतकाळाचेच असते आणि अर्थ मात्र पुढचा असतो. ‘देवाने मनात आणले तर’ हे मराठी वाक्य ‘इन्शाअल्लाह’च्या रचनेशी जवळपास जुळते.

‘जर’ या अर्थाची अरबीतील इतर अव्ययेही पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांच्या तुलनेतच ‘इन्’चे वजन कळते. जी गोष्ट घडणार अशी बोलणाऱ्याची अपेक्षा असते तिथे ‘इज़ा’ येते आणि जी गोष्ट घडली नाही किंवा घडणे कठीण दिसते तिथे ‘लौ’ येते. ‘इन्’ या दोहोंच्या मध्ये आहे. घडेल असेही ते सांगत नाही आणि घडणार नाही असेही नाही. ते दार उघडे ठेवते. स्पेनमध्ये काही शतके अरबी बोलली जात होती. तिथे ‘लौ’ वापरलेला असाच एक वाक्प्रचार रूढ होता आणि त्यातून स्पॅनिश भाषेत ‘ओहाला’ हा शब्द आला. त्याचा अर्थ मात्र ‘असे झाले तर किती बरे’ असा आहे. अव्यय बदलताच अटीची इच्छा झाली.

लिहिताना होणारी एक चूकही सांगण्याजोगी आहे, कारण अरब लोक स्वतः तिच्याविषयी एकमेकांना वारंवार टोकतात. अरबी लिपीत ‘इन्’ आणि ‘शाअ’ वेगळे लिहायचे असतात. ते जोडून लिहिले की ‘इन्शा’ असे नाम दिसू लागते आणि त्याचा अर्थ निर्मिती किंवा रचना असा होतो. म्हणजे ‘अल्लाहने इच्छिले तर’ या जागी ‘अल्लाहची निर्मिती’ असे काहीतरी वाचले जाते, जे कोणाही श्रद्धावानाला खटकेल. देवनागरीत आपण शब्द जोडून लिहितो त्यात असा धोका नाही, पण मुळात तीन शब्द आहेत हे लक्षात असलेले बरे.

आता हे वाक्य वचनाला का जोडायचे, याचे मूळ कुराणाच्या ‘अल्-कहफ’ या अठराव्या अध्यायात आहे. त्यातील २३व्या आणि २४व्या वचनांत म्हटले आहे की कोणत्याही गोष्टीविषयी ‘मी हे उद्या करीन’ असे म्हणू नकोस, अल्लाहची इच्छा असेल तर, अशी जोड दिल्याशिवाय. परंपरा या वचनांमागचा प्रसंग सांगते. मक्केच्या कुरैश जमातीच्या लोकांनी पैगंबर मुहंमदांची परीक्षा घेण्यासाठी मदिनेच्या यहुदी विद्वानांकडून तीन प्रश्न आणले होते. पैगंबरांनी ‘उद्या उत्तर देतो’ असे सांगितले, पण ही जोड दिली नाही. त्यानंतर, सुरुवातीच्या चरित्रकारांच्या कथनानुसार, पंधरा रात्री त्यांना कोणताही संदेश आला नाही आणि मक्केत कुजबुज सुरू झाली. उत्तरे अखेर आली ती या सूचनेसह. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे वचन देणाऱ्याचा हेतू संशयापलीकडचा आहे. उत्तर देण्याची त्यांची इच्छा पूर्ण होती, पण उत्तर येणे त्यांच्या हाती नव्हते. ‘इन्शाअल्लाह’ नेमके या दोन गोष्टींच्या मधल्या फटीसाठी आहे: इच्छा माझी, पण फळ माझ्या हाती नाही.

त्याच अध्यायात पुढे मूसा, म्हणजे मोझेस, एका ज्ञानी पुरुषाबरोबर प्रवासाला निघतात, ज्याला परंपरा खिज़्र म्हणते. ‘तुम्हाला माझ्याबरोबर धीर धरता येणार नाही,’ असे खिज़्र सांगतात आणि मूसा उत्तर देतात, ‘इन्शाअल्लाह, मी धीर धरणारा आढळेन.’ नाव फोडली जाते, मुलाला मारले जाते, पडायला आलेली भिंत फुकट उभी करून दिली जाते आणि तिन्ही वेळा मूसांचा धीर सुटतो. कुराणात दुसऱ्या ठिकाणी इब्राहिमांचा मुलगा, परंपरेनुसार बहुतेकांच्या मते इस्माईल, बलिदानाची आज्ञा ऐकून जवळजवळ त्याच शब्दांत म्हणतो की इन्शाअल्लाह, मी धीर धरणाऱ्यांपैकी आढळेन, आणि तो धीर धरतो. दोघेही प्रामाणिक होते, पण एकाचे वचन टिकले आणि दुसऱ्याचे टिकले नाही. म्हणजे हा शब्द यशाची हमी देत नाही, पण अपयश आले म्हणून तो खोटेपणाने उच्चारला होता असेही ठरत नाही.

इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी याच ठिकाणी एक बारीक भेद केला आहे आणि रोजच्या व्यवहारात मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. ‘इन्शाअल्लाह’ दोन हेतूंनी म्हणता येते. एक हेतू ‘तबर्रुक’, म्हणजे आशीर्वाद मागण्याचा: मी हे करणार हे ठरलेले आहे, देवाचे नाव घेतो ते बरकतीसाठी. दुसरा हेतू ‘तालीक’, म्हणजे टांगून ठेवण्याचा: माझे म्हणणे मी एका अटीला बांधून ठेवतो, ती पुरी झाली तरच ते लागू. उच्चारात दोन्ही सारखेच असतात, पण परिणामात मोठा फरक पडतो. उदाहरणार्थ, उद्याचा रोजा ठेवण्याचा संकल्प करताना एखादा माणूस बरकतीसाठी ‘इन्शाअल्लाह’ म्हणाला तर संकल्प पक्का धरला जातो. पण ठेवू की नको अशा मनःस्थितीत अट म्हणून म्हणाला, तर संकल्पच झाला नाही असे शाफिई पंथाचे शास्त्री सांगतात. कोकणातील बहुसंख्य मुसलमान याच शाफिई पंथाचे असल्याने चाचांना हा भेद लहानपणापासून ठाऊक होता.

शपथेच्या बाबतीत तर नियम अगदी काटेकोर आहे. अल्लाहच्या नावाने शपथ घेऊन ती मोडली तर प्रायश्चित्त घ्यावे लागते: दहा गरिबांना जेवण किंवा कपडे द्यावे लागतात आणि ते शक्य नसेल तर तीन दिवस रोजे ठेवावे लागतात. गुलामीच्या काळात गुलाम मुक्त करणे हाही एक पर्याय होता. मात्र शपथेला लागूनच, अट म्हणून, ‘इन्शाअल्लाह’ म्हटले असेल तर ती शपथ मोडल्याचा दोष लागत नाही, असे हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या, आधारे सर्वसाधारणपणे मानले जाते. बहुतेक शास्त्रींच्या मते ते शब्द शपथेला जोडूनच यायला हवेत. मध्ये श्वास घेतला किंवा खोकला आला तर चालते, पण तासाभराने आठवण होऊन जोडले तर चालत नाही. या जोडीला शास्त्रात ‘इस्तिस्ना’, म्हणजे अपवाद, असे नाव आहे.

हे ऐकून कोणाला वाटेल की धर्माने सुटकेचा मार्गच दिला आहे. परंतु ही सूट शपथेच्या प्रायश्चित्तापुरती आहे. दिलेला शब्द पाळण्याच्या कर्तव्यापुरती नाही. वचन देऊन ते मोडणे हे दांभिकाच्या तीन लक्षणांपैकी एक, असे प्रसिद्ध हदीस सांगते. म्हणून मनात करायचे नसताना या शब्दाचा पडदा धरणे श्रद्धावान माणसाला दुहेरी अपराध वाटतो: वचन मोडल्याचा आणि देवाच्या नावाआड लपल्याचा. अरब कुटुंबांतील मुलेही या पळवाटेवर आक्षेप घेतात. बाबांनी ‘इन्शाअल्लाह’ म्हटले की मूल लगेच म्हणते, ‘इन्शाअल्लाह नको, हो म्हणा.’

मग मोठी माणसे तरीही असे का बोलतात? याचे उत्तर नकार देण्याच्या रीतीत आहे. अरब समाजात, विशेषतः वडीलधाऱ्यांच्या किंवा पाहुण्यांच्या तोंडावर, सरळ ‘नाही’ म्हणणे कठोर समजले जाते. मागणाऱ्याचा मान राखायचा आहे आणि स्वतः खोटे वचनही द्यायचे नाही, अशा वेळी ‘इन्शाअल्लाह’ दोन्ही राखते. मराठीत हेच काम ‘बघू’ करते. ‘सुट्टीत आमच्याकडे या’ या आमंत्रणाला ‘बघू, जमलं तर’ असे उत्तर आले की आपण पाहुण्यांसाठी गादी काढून ठेवत नाही आणि ते खोटे बोलले असेही मानत नाही. अडचण एवढीच की ‘बघू’ हा शब्द पक्क्या होकारासाठी आपण कधीच वापरत नाही, आणि ‘इन्शाअल्लाह’ मात्र अगदी पक्क्या होकाराबरोबरही येतो, नव्हे, यायलाच हवा असे धर्म सांगतो. म्हणून शब्दावरून नव्हे, तर शब्दाच्या भोवती काय आहे यावरून अर्थ ओळखावा लागतो.

पहिली खूण वाक्यातील जागेची. ‘मी सोमवारी दहा वाजता येतो, इन्शाअल्लाह’ या वाक्यात क्रियापद आहे, दिवस आहे आणि वेळ आहे. बोलणाऱ्याने स्वतःला बांधून घेतले आहे आणि त्यानंतर नम्रतेने देवाचे नाव घेतले आहे. हा तबर्रुक. उलट प्रश्नाला उत्तर म्हणून नुसतेच ‘इन्शाअल्लाह’ आले, क्रियापदही नाही आणि वेळही नाही, तर वचन अजून दिले गेलेले नाही असे समजावे. दुसरी खूण आवाजाची. पक्क्या वचनात हा शब्द पटकन, वाक्याच्या ओघात उच्चारला जातो; सीरिया-लेबनॉनकडे तर तो झिजून ‘न्शाल्ला’ एवढाच उरतो. टाळायचे असेल तेव्हा तो लांबतो, स्वर खाली जातो आणि बहुधा त्यानंतर बोलण्याचा विषय बदलतो. टेलिफोनवरील अरबी संभाषणांचा अभ्यास करून रिबेका क्लिफ्ट आणि फादी हेलानी यांनी २०१० मध्ये दाखवले आहे की असे धार्मिक उद्गार एक विषय मिटवून दुसऱ्याकडे वळण्याच्या जागी येतात. माझ्या फोनवर हेच झाले होते. मुअल्लिमांनी त्या शब्दाने माझा विषय मिटवला होता आणि मी मात्र तो ठराव समजून फोन ठेवला.

प्रदेशाप्रमाणेही फरक पडतो. संयुक्त अरब अमिरात, कुवेत या आखाती भागातील स्थानिक अरबीत वरिष्ठाने किंवा ग्राहकाने काही सांगितले की ‘इन्शाअल्लाह’ हे उत्तर ‘ठीक आहे, करतो’ या अर्थाने येते. हॉटेलात पाणी मागितल्यावर वाढपी ‘इन्शाअल्लाह’ म्हणाला, तर पाणी येणारच आहे. इजिप्तमध्ये त्या जागी ‘हादिर’ म्हणतात, म्हणजे ‘हजर आहे’. सौदी अरेबियात कोणी ‘अबशिर’ म्हणाला, म्हणजे ‘आनंद मान, काम झाले समज’, तर ते ‘इन्शाअल्लाह’पेक्षाही पक्के. परगावच्या माणसाची फसगत इथे होते, कारण सकाळी पाण्याच्या बाबतीत जो शब्द होकार ठरला, तोच दुपारी दारांच्या बाबतीत नकार ठरतो.

हा शब्द वचनाबाहेरही फिरतो. ‘इन्शाअल्लाह खैर?’ असे कोणी विचारले, तर ‘सगळे ठीक आहे ना?’ असा अर्थ होतो. कबरस्तानात म्हणायच्या प्रार्थनेत ‘आम्हीही, इन्शाअल्लाह, तुम्हाला येऊन मिळणार आहोत’ असे वाक्य आहे. मृत्यूइतकी निश्चित गोष्ट दुसरी नाही, आणि तिथेही हा शब्द येतो, म्हणजे तो नेहमी शंकाच दाखवतो असे नाही याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. हा शब्द केवळ मुसलमानांचाही नाही. इजिप्त, लेबनॉन आणि सीरियातील ख्रिस्ती अरब तो सहज वापरतात. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायातही ‘उद्या अमक्या गावी जाऊन व्यापार करू’ असे ठरवणाऱ्यांना, प्रभूची इच्छा असेल तर हे करू, असे म्हणायला सांगितले आहे.

अरबी न बोलणाऱ्या जगात मात्र यातला टाळाटाळीचा अर्थच जास्त पोहोचला. २९ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वादविवादात, डोनाल्ड ट्रम्प आपली करविषयक कागदपत्रे दाखवू असे म्हणाले तेव्हा जो बायडन यांनी ‘कधी? इन्शाअल्लाह?’ असा टोला दिला. ‘कधीच नाही’ या अर्थाचा तो वापर अरबांनाही ओळखीचा आहे, पण तो या शब्दाचा एक कोपरा झाला. ज्याने फक्त तेवढाच कोपरा पाहिला, तो रोज कितीतरी प्रामाणिक वचनांवर विनाकारण अविश्वास दाखवतो, याचे मला वाईट वाटते.

त्या गुरुवारनंतर चाचांनी मला पुन्हा फोन करायला लावला, पण या वेळी प्रश्न त्यांनी सांगितले. दारे मिळतील का, असे विचारायचे नाही, कारण त्याला ‘इन्शाअल्लाह’शिवाय दुसरे सभ्य उत्तरच नाही. ‘आत्ता किती दारांचा रंग झाला आहे? रंग वाळायला किती दिवस लागतील? पिकअप किती वाजता पाठवू?’ असे विचारायचे. नुसते ‘इन्शाअल्लाह’ आले, तर आपणही आधी ‘इन्शाअल्लाह’ म्हणायचे, म्हणजे त्यांच्या श्रद्धेला प्रश्न केल्यासारखे होत नाही, आणि मग शांतपणे वेळ पुन्हा विचारायची. ‘इन्शाअल्लाह नको, हो की नाही ते सांगा’ असे मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला म्हणणे उद्धटपणाचे ठरते, कारण त्यातून देवाचे नावच नको असा अर्थ निघतो.

मी तसे विचारले. मुअल्लिमांनी फोन बाजूला ठेवून कारागिरांना काहीतरी विचारले आणि परत येऊन सांगितले, “सहा दारे सोमवारी सकाळी दहा वाजता घेऊन जा, बाकीची आठ बुधवारी, इन्शाअल्लाह.” या वेळी तो शब्द वाक्याच्या शेवटी, घाईघाईत आला. सोमवारी दहा वाजता सहा दारे कागदात गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती. उरलेली आठ बुधवारी मिळाली नाहीत, पण मंगळवारी संध्याकाळी मुअल्लिमांचा स्वतःहून फोन आला की बिजागऱ्या अजून आलेल्या नाहीत, त्यामुळे उद्या पिकअप पाठवून पैसे वाया घालवू नका. मग त्यांनी नवा दिवस सांगितला, “शनिवारी, दुपारच्या नमाजानंतर, इन्शाअल्लाह.” शनिवारच्या पिकअपचे पैसे मी त्याच संध्याकाळी भरून टाकले.